मोजणारा आणि विसरणारा: ईथरनेटच्या बॅकऑफची पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर गेल्या महिन्यात जुना मॅनेज्ड स्विच तपासताना एका पोर्टवर कोलिजनचा, म्हणजे वायरवर दोघांचा डेटा आदळण्याचा, आकडा चढताना दिसला. सोबतच्या तरुण मुलाने विचारलं, "स्विच आहे तर कोलिजन कसलं?" त्याचं उत्तर द्यायचं तर सगळी मशिनं एकाच वायरवर बोलायची, त्या काळात जावं लागतं.

एकाच माध्यमावर अनेकांनी बोलायचं आणि फ्रेम, म्हणजे पाठवलेल्या डेटाचे तुकडे, एकमेकींवर आदळल्या तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचं, ही कल्पना 1970च्या सुमारास हवाई बेटांवरच्या रेडिओ जाळ्यात आली. किती थांबायचं ते तिथे यादृच्छिक होतं, पण गर्दी वाढली म्हणून थांबणं वाढत नसे. ईथरनेटने भर घातली ती इथे. वायरवर किती जण बोलायला टपले आहेत हे कुठल्याच मशिनला माहीत नसतं. माहीत असतं एवढंच, की आपली ही फ्रेम आतापर्यंत किती वेळा आदळली. तोच गर्दीचा अंदाज मानायचा आणि त्यानुसार थांबायचं, हाच 'एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ'.

थांबणं मोजायचं एकक म्हणजे स्लॉट. 10 मेगाबिटच्या ईथरनेटवर एक स्लॉट 512 बिटांचा, म्हणजे 51.2 मायक्रोसेकंदांचा. पहिल्या टकरीनंतर मशिनचं नेटवर्क कार्ड 0 किंवा 1 यांतला एक आकडा उचलतं आणि तेवढे स्लॉट थांबतं. दुसऱ्या टकरीनंतर 0 ते 3, तिसरीनंतर 0 ते 7. दहाव्या टकरीला 0 ते 1023 झालं की वाढ थांबते, आणि सोळावा प्रयत्नही फसला की कार्ड ती फ्रेम टाकून देतं. 'एक्स्पोनेन्शियल' या शब्दामुळे पुष्कळांना वाटतं की प्रत्यक्ष थांबणंच दर वेळी दुप्पट होतं. दुप्पट होते ती निवडीची खिडकी. दहाव्या टकरीनंतरही शून्य हाती लागू शकतो.

माझ्या मते खरा वादाचा निर्णय वेगळाच होता: फ्रेम यशस्वी गेली की मोजणी शून्यावर आणायची, पण फक्त जिंकणाऱ्याची. हरणाऱ्याची मोजणी तशीच राहते.

समजा, दोनच मशिनं आहेत, अ आणि ब, आणि दोघांकडेही पाठवायला भरपूर आहे. पहिली टक्कर झाली. अ ला 0 मिळाला, ब ला 1. अ ची फ्रेम गेली. ब वायर मोकळी होण्याची वाट बघत थांबला. फ्रेम संपून 9.6 मायक्रोसेकंदांची मोकळीक सरली की ब निघतो, पण अ ची पुढची फ्रेमही तयार असते. पुन्हा टक्कर. अ च्या नव्या फ्रेमची ही पहिलीच टक्कर, म्हणून त्याची निवड 0 किंवा 1. ब ची मात्र दुसरी, म्हणून 0 ते 3. एकूण 8 जोड्यांपैकी 5 मध्ये अ जिंकतो, 2 मध्ये बरोबरी होऊन पुन्हा टक्कर होते आणि ब च्या वाट्याला फक्त 1 येते. अ पुन्हा जिंकला, तर पुढच्या टकरीला 16 जोड्यांपैकी 13 अ च्या आणि 1 ब ची. जो हरला तो अधिकच हरत जातो. याला कॅप्चर इफेक्ट म्हणतात. ब सोळा वेळा फसून फ्रेम टाकून देतो, तेव्हा कुठे त्याची मोजणी शून्य होते आणि पुढच्या फ्रेमला अ च्या बरोबरीने संधी मिळते.

सुरुवातीच्या काळात हे फारसं जाणवलं नाही. मशिनं मंद होती, एक फ्रेम गेल्यावर दुसरी तयार करायला त्यांना वेळ लागे आणि त्या फटीत ब निसटून जाई. नवी कार्डं पाठोपाठ फ्रेम सोडू लागली, तेव्हा ते उघडं पडलं. 1990च्या दशकात सांगलीतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्या मशिनांना जोडणाऱ्या एकाच कोॲक्स केबलवर मी हे पाहिलं आहे. एका नव्या मशिनवरून मोठी फाईल निघाली की शेजारच्याचं काम काही काळ जागेवरच थांबायचं. केबल, टी-कनेक्टर, टर्मिनेटर सगळं धड असायचं, आणि आम्ही मात्र टर्मिनेटर बदलत बसायचो.

त्याच दशकाच्या मध्यावर पर्यायी पद्धत मांडली गेली: कुणाचीही फ्रेम गेली की सगळ्यांनीच मोजणी शून्य करायची. ती न्याय्य होती, पण ईथरनेटच्या प्रमाणित नियमांत आली नाही. तोवर प्रत्येक मशिनला स्वतंत्र वायर देणारे स्विच स्वस्त होऊ लागले होते आणि फुल डुप्लेक्समध्ये जाण्या-येण्याच्या वाटाच वेगळ्या झाल्याने टकरीचा प्रश्न उरला नाही. 10 गिगाबिटच्या ईथरनेटमध्ये तर हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायची पद्धत, ठेवलंच नाही.

पेढीवरच्या त्या पोर्टला मात्र हाच जुना नियम लागू होता. पलीकडच्या मशिनचं कार्ड कुणीतरी हाताने 100 मेगाबिट, फुल डुप्लेक्सवर बांधलं होतं आणि स्विचचं पोर्ट ऑटोवर होतं. समोरून वाटाघाटीला उत्तर येत नाही म्हटल्यावर पोर्टने वेग ओळखला, डुप्लेक्स ओळखू शकलं नाही, आणि ते हाफवर गेलं. आता बोलता बोलता समोरून काही आलं की पोर्ट त्याला टक्कर समजून थांबतं, मोजतं, मागे सरतं. समोरचं कार्ड काहीच मोजत नाही, पाठवत राहतं. म्हणून पिंग नीट जाई आणि मोठी फाईल अडे. पोर्टवर लेट कोलिजन, म्हणजे पहिला स्लॉट उलटून गेल्यावरच्या टकरी, वाढत होते आणि कार्डाकडे सीआरसीच्या, म्हणजे फ्रेम बिघडून आल्याच्या, चुका. कार्ड ऑटोवर आणलं आणि दोन्ही आकडे वाढायचे थांबले.