‘घरात कुणालाच नव्हतं’ : अधिवृक्क ग्रंथीची गाठ आणि वंशावळ

१८८६ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये अठरा वर्षांची एक मुलगी छातीत धडधड आणि डोकेदुखीच्या झटक्यांनी दगावली. शवविच्छेदनात तिच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथींमध्ये गाठी सापडल्या. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी म्हणजेच ॲड्रिनल. त्या गाठींना पुढे फिओक्रोमोसायटोमा हे नाव मिळालं. गोष्ट खरी रंगली ती २००७ मध्ये. संशोधकांनी त्या मुलीच्या नातेवाइकांचे आजचे वंशज शोधून काढले, तर त्यांच्यात ‘आरईटी’ या जनुकातला दोष निघाला. म्हणजे एकटीदुकटी वाटलेली ती केस घराण्यातली होती, हे कळायला सव्वाशे वर्षं लागली.

फिओक्रोमोसायटोमा ग्रंथीच्या गाभ्यात होतो आणि ॲड्रिनॅलिनसारखी रसायनं रक्तात सोडतो. म्हणून रक्तदाब अचानक चढतो, दरदरून घाम फुटतो, मग सगळं ओसरतं. या गाठीच्या दर दहा रुग्णांपैकी तीन-चार जणांमध्ये जन्मतःच जनुकीय दोष असतो. बाकी फार कमी गाठींमध्ये आनुवंशिकतेचा वाटा एवढा मोठा आहे. त्यामुळे आजचा सल्ला सरळ आहे: फिओक्रोमोसायटोमा किंवा त्याचीच ग्रंथीबाहेरची बहीण, पॅरागँग्लिओमा, निघाला की वय काहीही असो, घरात कुणाला असो वा नसो, जनुकीय समुपदेशन सुचवायचंच.

‘घरात कुणालाच नव्हतं’ या उत्तरावर विसंबून का राहायचं नाही, हे एका कल्पित कुटुंबातून नीट दिसतं. अडतीस वर्षांच्या एका बाईंची अशी गाठ काढली. आईवडील ठणठणीत. रक्ततपासणीत ‘एसडीएचडी’ जनुकातला दोष सापडला. या जनुकाची खोड अशी, की दोष वडिलांकडून आला तरच सहसा गाठी होतात. आईकडून आला तर तो अंगात राहतो, पण जवळजवळ कधीच त्रास देत नाही. बाईंना दोष वडिलांकडून आला. वडिलांना तो त्यांच्या आईकडून, म्हणून ते निरोगी. त्या आजीला आला होता तिच्या वडिलांकडून, आणि तिच्या मानेत एक गाठ होती. थायरॉइडची असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. या आजारात मानेतल्या पॅरागँग्लिओमाच्या गाठीच जास्त दिसतात, हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

समुपदेशकाचं काम इथे सुरू होतं. बाईंची पहिली काळजी स्वतःच्या मुलांची. त्यांच्यात दोष उतरण्याची शक्यता निम्मी, पण तो आईकडून येणार, म्हणून आजाराचा धोका अगदी नगण्य. खरी तपासणी हवी ती भावाची. त्याच्यातही दोष असण्याची शक्यता निम्मी. असला, तर त्याला स्वतःला गाठी होऊ शकतात आणि त्याच्या मुलांमध्ये तो उतरला तर त्यांनाही. बाईंच्या मुलांपेक्षा भाचरांकडे आधी लक्ष द्यायचं, हे वंशावळ कागदावर काढल्याशिवाय सुचत नाही. भावात दोष नसेल तर त्याच्या मुलांना सुईसुद्धा टोचायची गरज नाही. असेल तर दरवर्षी रक्तातली मेटानेफ्रिन, म्हणजे ॲड्रिनॅलिनसारख्या रसायनांपासून शरीरात बनणारे पदार्थ, तपासायची आणि काही वर्षांच्या अंतराने एमआरआय. मेटानेफ्रिनसाठी रक्त आडवं झोपवून, थोडा वेळ शांत पडू दिल्यावर घ्यावं. बसून घेतलं तर आकडा उगाच वाढलेला येतो आणि घरभर घबराट.

‘आरईटी’चा दोष निघाला तर घाई जास्त असते, कारण तिथे थायरॉइडचा एक कर्करोगही सोबत येतो. काही प्रकारांत मुलाची थायरॉइड पाचव्या वर्षापर्यंत काढून टाकतात. कुणाच्याही थायरॉइड शस्त्रक्रियेआधी मात्र फिओक्रोमोसायटोमा नाही ना, हे बघायचं. लपलेली गाठ भूल देताना जीवघेणी ठरते.

तपासणीचा अहवाल नेहमी हो किंवा नाही असा येत नाही. कधी ‘अर्थ न लागलेला बदल’ असा शेरा येतो. त्याच्या आधारे नातेवाइकांची तपासणी करू नये. तेवढ्यावर कुणाला निरोगी किंवा धोक्यात ठरवता येत नाही.

ग्रंथीच्या बाहेरच्या थरातला, म्हणजे कॉर्टेक्सचा कर्करोग दुर्मीळ आहे, पण तिथेही प्रत्येक रुग्णाला समुपदेशन सुचवतात. मुलांमध्ये तर या कर्करोगामागे बहुतेक वेळा ‘टीपी५३’ जनुकाचा दोष, म्हणजे ली-फ्रॉमेनी सिंड्रोम असतो. त्या घरांत स्तनाचे, हाडांचे, मेंदूचे कर्करोगही लहान वयात दिसतात.

याउलट, पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये सहज सापडणारी छोटी, एका बाजूची, निरुपद्रवी कॉर्टेक्सची गाठ. तिच्यासाठी हार्मोनच्या तपासण्या पुरतात. दोन्ही ग्रंथी मोठमोठ्या गाठींनी भरलेल्या असतील आणि कॉर्टिसॉल वाढलेलं असेल, तेवढी पाळी आली तर मात्र वंशावळीचा कागद पुन्हा काढावा.