संशोधन-निबंधातील नैतिक निवेदने

वैद्यकीय किंवा सामाजिक संशोधनावरील निबंधाच्या शेवटी, संदर्भसूचीच्या आधी, लहान टाइपात काही परिच्छेद छापलेले असतात. नैतिकता समितीची मान्यता कोणी आणि कधी दिली, सहभागींची संमती कशी घेतली, पैसा कोणाचा होता, लेखकांचे हितसंबंध कुठे गुंतले आहेत आणि कोणत्या लेखकाने कोणते काम केले, हे त्यांत सांगितलेले असते. यांनाच नैतिक निवेदने म्हणतात. बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. चांगला संपादक मात्र कधीकधी तिथूनच वाचायला सुरुवात करतो, कारण निबंधातील इतर मजकुराशी ताडून पाहता येतील अशा तारखा आणि नावे त्यांत असतात.

भारतात या निवेदनांना मुख्य आधार आहे तो भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांचा. नवीन औषधांच्या चाचण्यांना त्याशिवाय २०१९ चे नियम लागू होतात. जागतिक पातळीवर हेलसिंकी जाहीरनामा (१९६४, त्यानंतर अनेकदा सुधारित) आणि वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशी मानल्या जातात. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा शोधप्रबंधाचा आराखडा महाविद्यालयाच्या नैतिकता समितीकडून मंजूर व्हावा लागतो, आणि बऱ्याच निबंधांची सुरुवात अशाच प्रबंधातून होते.

निवेदनांत काय असते आणि कुठे चूक होते, हे एका कल्पित उदाहरणातून पाहू. निफाड तालुक्यातील द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्या मजुरांवर कीटकनाशकांचा काय परिणाम होतो, हा विषय समजा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराची क्रिया मंदावतात. या विकराची पातळी माणसागणिक बरीच वेगळी असते, म्हणून एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून फारसे कळत नाही. मजुराने काही आठवडे फवारणी केलेली नसताना एक नमुना आणि हंगामाच्या भरात दुसरा, असे दोन नमुने लागतात. म्हणजे पहिले रक्त फळछाटणीनंतरच्या फवारण्यांचा जोर सुरू होण्याआधी घ्यायला हवे.

पहिली अडचण इथेच येते. समितीने सप्टेंबरच्या बैठकीत दोन दुरुस्त्या सुचवल्या आणि मान्यतेचे पत्र १० ऑक्टोबरला मिळाले, असे समजा. छाटणी मात्र समितीसाठी थांबत नाही. ‘पत्र येईलच’ या भरवशावर सप्टेंबरअखेरीस नमुने घेऊन ठेवण्याचा मोह होतो. अशा नमुन्यांना नंतर मान्यता देण्याचा अधिकार समितीला नाही, कारण मान्यता आधीचीच असावी लागते. निबंधात ‘मान्यता : १० ऑक्टोबर’ आणि पद्धती विभागात ‘आधारनमुने सप्टेंबरमध्ये घेतले’ असे दोन्ही छापले गेले, तर बाहेरच्या वाचकालाही ते दिसते. म्हणून निवेदनात समितीचे पूर्ण नाव, मान्यतेचा क्रमांक आणि तारीख हवी. ‘सर्व नैतिक निकष पाळले’ हे वाक्य कोणालाही लिहिता येते, म्हणूनच त्याला किंमत नाही. प्रबंधासाठी मिळालेली मान्यता प्रबंधापुरतीच असते, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. पुढे दुसऱ्या तालुक्यातील मजूर वाढवले किंवा त्याच रक्तावर नवी तपासणी केली, तर त्या बदलासाठी समितीकडे पुन्हा जावे लागते.

संमतीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. द्राक्षबागांतील पुष्कळ मजूर पेठ आणि सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून हंगामापुरते येतात. काहींची बोली कोकणा असते, काहींना वाचता येत नाही. त्यांच्यापर्यंत पोचण्याची सोपी वाट बागायतदार किंवा टोळीच्या मुकादमामार्फत जाते, आणि संमती बिघडते ती याच वाटेवर. ‘डॉक्टर आलेत, रक्त द्या’ असे मुकादमाने सांगितल्यावर नाही म्हणणारा मजूर उद्याच्या कामाचा विचार करतो. मुकादमाने प्रवेशाला दिलेली परवानगी ही मजुराची संमती नव्हे; ती वेगळी, एकेकाकडून आणि शक्यतो बागेबाहेर घ्यावी लागते.

माहितीपत्रात इथे नेमके काय हवे? रक्त दोनदा घेतले जाईल हे. निकाल मालकाला कळवला जाणार नाही हे. विकराची पातळी धोकादायक आढळली तर मजुराला स्वतःला सांगितले जाईल आणि उपचारासाठी कुठे पाठवले जाईल हे. मध्येच माघार घेता येते, हेही. वाचता न येणाऱ्याच्या बाबतीत पत्र मोठ्याने वाचून दाखवतात, अंगठा घेतात आणि संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार सही करतो. मुकादम हा तो साक्षीदार होऊ शकत नाही. बुडालेल्या मजुरीची भरपाई देता येते, पण रक्कम समितीने पाहिलेली असावी. ती इतकी मोठी नको की तिच्यासाठीच माणूस हात पुढे करेल. निबंधात ‘लेखी संमती घेतली’ एवढेच लिहिले आणि सहभागींतले निम्मे निरक्षर असल्याचे तक्त्यात दिसले, तर परीक्षकाने साक्षीदाराबद्दल विचारलेच पाहिजे.

हितसंबंधांच्या निवेदनाबाबत एक गैरसमज पक्का रुजला आहे : ते दिले म्हणजे दोष कबूल केला. प्रत्यक्षात वाचकाने निष्कर्ष कोणत्या नजरेने पाहावा, याची ती सूचना असते. आपल्या उदाहरणात तपासणीचे किट कीटकनाशक कंपनीने फुकट दिले असतील तर ते लिहायचे, आणि आराखडा, विश्लेषण किंवा प्रकाशनाच्या निर्णयात कंपनीचा हात होता की नाही हेही लिहायचे. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा हितसंबंध-प्रकटनाचा अर्ज प्रस्तुत कामाला मिळालेल्या मदतीबद्दल विचारतो आणि त्याखेरीज मागील ३६ महिन्यांतील मानधन, सल्लागारपद, प्रवासखर्च अशा गोष्टींबद्दलही. पण पैसा पाकिटातूनच येतो असे नाही. नाशिकमध्ये एखाद्या लेखकाच्या घरचीच निर्यातीची बाग असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि या विषयावर लिहिताना ती माहिती किटइतकीच महत्त्वाची आहे. ‘हितसंबंध नाहीत’ हे वाक्य सगळ्या लेखकांना न विचारताच टाकले जाते, ही नेहमीची चूक.

लेखकत्वासाठी संपादकांच्या याच आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत : संकल्पनेत किंवा माहिती मिळवण्या-तपासण्यात भरीव सहभाग, मसुदा लिहिणे किंवा त्यात आशयाच्या दृष्टीने सुधारणा, अंतिम प्रतीला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हाव्या लागतात. केवळ विभागप्रमुख असणे किंवा निधी मिळवून देणे पुरत नाही, तरी अशी नावे यादीत चढतात. म्हणून बरीच नियतकालिके आता १४ भूमिकांची ठरावीक यादी वापरून योगदान-निवेदन मागतात. त्यात एखाद्याच्या नावापुढे फक्त ‘देखरेख’ उरली, तर त्याचे लेखकपण तपासून पाहण्याजोगे ठरते. उलट बाजूही आहे. पाड्यावरच्या आशा कार्यकर्तीने मजुरांना शोधले, बोलीत समजावले, नमुन्यांच्या नोंदी ठेवल्या. चारही अटी तिच्याकडून सहसा पूर्ण होत नाहीत, आणि मसुदा तिला दाखवलाच नाही तर त्या पूर्ण होण्याची संधीही मिळत नाही. तेव्हा तिची परवानगी घेऊन ऋणनिर्देशात नाव द्यायचे असते.

निवेदने कागदाबद्दल बोलतात. बागेच्या बांधावर संमती खरोखर कशी मागितली गेली, हे त्यांतून कळत नाही. ते पाहायचे तर समितीने प्रत्यक्ष जागेवर जावे लागते. तसा अधिकार तिला आहे. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार समितीची कागदपत्रे अभ्यास संपल्यानंतर किमान ३ वर्षे जपायची असतात, त्यामुळे निबंध छापल्यावर शंका आली तर संपादक संस्थेला पत्र लिहून मान्यतापत्राची आणि कोऱ्या संमतीपत्राची प्रत मागू शकतो. मान्यताच नव्हती असे निघाले, तर निष्कर्ष बरोबर असले तरी निबंध मागे घेतला जाऊ शकतो. लपलेला हितसंबंध उघड झाला तर सहसा दुरुस्ती छापून भागते.