लेनचं चिन्ह विझलं की कॅमेरा आंधळा झाला? पावसाळ्यात दोन्हीत गल्लत होते

अडास, म्हणजे चालवताना सावध करणारी आणि वेळ पडली तर आपोआप ब्रेक लावणारी सिस्टीम, असलेली गाडी घेतलेल्या बऱ्याच जणांचा पहिल्या पावसाळ्यात ग्रुपवरचा ठरलेला प्रश्न म्हणजे "लेनचं चिन्ह गेलं, काहीतरी बिघडलंय का?" आणि खाली हमखास कोणीतरी लिहितं, सेन्सर धुवून घ्या. पण डॅशबोर्डवर दोन वेगळ्या गोष्टी दिसू शकतात आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.

पहिली म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधे गाडी असं ते लेन डिपार्चरचं, म्हणजे गाडी लेनच्या बाहेर जायला लागली की सावध करणाऱ्या सिस्टीमचं चिन्ह. ते ग्रे किंवा पांढरं झालं म्हणजे बहुतेक गाड्यांत एवढंच की सिस्टीम चालू आहे पण आत्ता काम करत नाहीये. रस्त्यावर पट्टे सापडत नाहीत किंवा स्पीड कमी आहे, कारण बऱ्याच गाड्यांत हे 60 ते 65 च्या पुढेच जागं होतं. पट्टे सापडले की हिरवं. रंगांचा हिशोब कंपनीगणिक थोडा बदलतो, तेवढं मॅन्युअलमधे बघून घ्या.

दुसरी म्हणजे पिवळं चिन्ह किंवा कॅमेऱ्याचं चित्र, आणि सोबत Camera obscured नाहीतर Clean windshield अशा धर्तीचा मेसेज. आता इथे पट्ट्यांचा प्रश्नच नाही, कॅमेऱ्यालाच नीट दिसत नाहीये. आणि हा कॅमेरा, म्हणजे आरशाच्या मागे काचेला चिकटलेली ती काळी डबी, फक्त लेनसाठी नसतो. आपोआप ब्रेक लावणारी सिस्टीम, स्पीड लिमिटचे बोर्ड वाचणं, हाय बीम आपोआप खाली करणं, सगळं त्याच्यावरच. फक्त कॅमेऱ्यावर चालणाऱ्या गाडीत तो गेला की हे सगळं एकदम जातं, पुढच्या गाडीपासून अंतर राखत आपोआप स्पीड सांभाळणाऱ्या अॅडॅप्टिव्ह क्रूझसकट. रडार पण असेल तर कोणतं फीचर उरतं ते गाडीवर अवलंबून. म्हणून लेन ग्रे झाली तर मी लक्षही देत नाही, पण कॅमेऱ्याचा मेसेज आला की पुढच्या गाडीपासूनचं अंतर लगेच वाढवतो, कारण ब्रेकवाला मदतनीस आता नाही असंच धरून चालायचं.

आता पाऊस. कॅमेरा पट्टा ओळखतो तो काळ्या डांबरावर पांढरा रंग उठून दिसतो म्हणून. रस्ता ओला झाला की डांबर आरशासारखं आभाळ परत फेकतं, आणि मग पट्टा आणि रस्ता यांच्यातला फरकच उरत नाही. रात्री तर अजून वाईट, कारण पट्ट्याच्या रंगात बारीक काचेचे मणी असतात जे हेडलाइटचा उजेड आपल्याकडे परत पाठवतात, त्यांच्यावर पाण्याचा थर बसला की ते काम जवळपास बंद पडतं. लक्षात घ्या, इथपर्यंत काच स्वच्छ आहे, कॅमेरा धडधाकट आहे, फक्त बघायला काही नाही, त्यामुळे लेन ग्रे होईल आणि कॅमेऱ्याचा मेसेज येणार नाही. मेसेज येतो तो काचेवरच पाण्याचा पडदा बसला की. वायपर फिरल्यावर क्षणभर दिसतं आणि पुढच्याच सेकंदाला परत थेंब, आणि प्रत्येक थेंब चित्र वाकडं करतो. वायपरचं रबर जुनं असेल तर ते पाणी पुसायच्या ऐवजी पसरवतं, आणि ती पुसट रेघ नेमकी कॅमेऱ्यासमोर आली की झालंच.

समोरून येणाऱ्या उन्हाची गोष्ट जरा वेगळी. सूर्य खाली असला की उजेड सरळ लेन्समधे जातो आणि चित्राचा मोठा भाग पांढराफटक होतो. इथे काचेवरच्या मळाचा खरा रोल आहे. दुपारी जो धुळीचा पातळ थर आपल्याला जाणवतही नाही, तोच सूर्य समोर आला की सगळा उजेड पसरवतो. आणि हा थर आतूनही असतो बरं का, उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून जी वाफ निघते तिचा तेलकट थर काचेवर आतल्या बाजूने बसतो, कॅमेऱ्याच्या कव्हरमागे पण, जिथे आपला हात पोचत नाही. तिथे स्प्रे मारू नका आणि लेन्सला बोट लावू नका, सर्व्हिसला गाडी गेली की तेवढं सांगून करून घ्या.

एक्सप्रेसवेचं उदाहरण घेऊ. सप्टेंबरची संध्याकाळ, पुण्याहून मुंबईकडे निघालात, नुकतीच सर पडून ऊन आलंय. उर्सेचा टोलनाका सोडला, स्पीड 80-90, लेन हिरवी. सूर्य पश्चिमेला म्हणजे साधारण तुमच्या समोर, रस्ता ओला चकाकतोय, लेन ग्रे-हिरवी-ग्रे करायला लागते. हे नॉर्मल. कामशेतच्या बोगद्यात शिरलात की परत हिरवी होऊ शकते, कारण आत रस्ता बऱ्यापैकी कोरडा आणि ऊन नाही. बाहेर पडल्या पडल्या अंधारातून एकदम झगझगाट, दोन क्षण परत ग्रे. मग खंडाळ्याला धुकं, काच आतून धुरकट व्हायला लागली आणि कॅमेऱ्याचा मेसेज आला, तर आता पट्ट्यांना दोष देऊन उपयोग नाही, एसी चालू करून हवा समोरच्या काचेवर सोडा. काच मोकळी झाल्यावर थोड्या वेळात मेसेज आपला आपण जातो. घाट उतरताना मेसेज गेलेला असूनही लेन ग्रेच, तर स्पीड बघा, 60 च्या खाली असेल.

काही कारणं फारच आपली आहेत. फास्टॅग लावणारा माणूस तो काचेच्या मधोमध आरशाजवळ लावतो आणि कॅमेरा पण तिथेच, तर स्टिकर कॅमेऱ्याच्या नजरेच्या बाजूला सरकवून लावायला सांगा. डॅशबोर्डवर पांढरा रुमाल किंवा पार्किंगची पावती ठेवली की तिचं प्रतिबिंब काचेत पडून कॅमेऱ्याला दिसतं, उन्हात तर फारच. आणि मे महिन्यात उन्हात लावलेली गाडी चालू केल्यावर मेसेज आला तर कदाचित कॅमेरा नुसता तापलेला असतो, काही गाड्या तसं स्पष्ट लिहून पण दाखवतात, एसीने थंड झाला की ठीक.

अजून एक गंमत, काच लख्ख असताना पण मेसेज येऊ शकतो. सॉफ्टवेअर "झाकला गेलाय" हे ठरवतं ते चित्रात काहीच आकार सापडत नाहीत यावरून, त्यामुळे रात्री ओसाड रस्त्यावर, ना दिवे ना गाड्या, त्याला वाटू शकतं की आपल्यावर कोणी पडदा टाकलाय. वस्ती आली की जातो.

खरा बिघाड ओळखायची माझी पद्धत साधी आहे, काच बाहेरून पुसा, गाडी बंद करून परत चालू करा, कोरड्या दिवशी नीट पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवा. तरी पिवळं राहिलं तर सर्व्हिस सेंटर. आणि मधे काच बदललेली असेल तर पहिला संशय तिच्यावर घ्या, कारण नवी काच बसवल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, समोर ठराविक अंतरावर बोर्ड लावून किंवा गाडी रस्त्यावर चालवून. बाहेरचा काचवाला हे बऱ्याचदा करतच नाही, आणि अशा वेळी लेन हिरवी दिसूनसुद्धा वॉर्निंग चुकीच्या जागी वाजू शकते.