टक्के प्रमाणपत्रात ठरतात, कार्डावर फक्त छापले जातात

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांसाठी वेगवेगळे अर्ज करावे लागतात, असा समज दापोली-गुहागरकडे अजून सर्रास आहे. 1 जून 2021 पासून प्रमाणपत्र ऑनलाइनच मिळतं आणि swavlambancard.gov.in वरच्या एकाच अर्जातून दोन्ही निघतात. मात्र दोघांचं काम वेगळं आहे. कोणता अवयव, निदान काय, किती टक्के, तात्पुरतं की कायमचं, हे सगळं डॉक्टरांच्या सहीनिशी सांगतं ते प्रमाणपत्र. कार्ड ही त्या निकालाची खिशात मावणारी ओळख. त्यामुळे टक्के चुकलेत असं वाटलं तर कार्ड दुरुस्त करायला धावून उपयोग नाही, दाद मागायची ती प्रमाणपत्रावर.

हर्णैचा एक खलाशी धरू. मधुमेहाने त्याचा पाय गुडघ्याखाली, नडगीच्या खालच्या भागात कापलाय. वर इंजिनाशेजारी वर्षं काढल्याने कानही गेलेत. अर्जासोबत आधार, फोटो आणि उपचारांचे कागद जोडले की नोंदणी क्रमांक मिळतो. तो म्हणजे यूडीआयडी नंबर नव्हे. बरेच जण तोच योजनेच्या फॉर्मवर लिहून मोकळे होतात.

मग मेडिकल बोर्डाच्या तपासणीच्या दिवशी रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. नोंदणीची पावती, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सगळं मूळ न्यायचं. हाडांचे डॉक्टर पाय तपासतात: अशा कापलेल्या पायाला 60 टक्के. कानाचे डॉक्टर ऑडिओमेट्री करून घेतात. खोलीत बसवून आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. इथे न ऐकल्याचं सोंग करू नये, दुसऱ्या वेळी आकडे जुळत नाहीत आणि मग पुढची तपासणी मागे लागते. समजा, कानाचे 30 टक्के आले.

घरचे 60 आणि 30 मिळवून 90 धरून बसतात. बोर्ड तशी बेरीज करत नाही. मोठा आकडा आधी, मग 90 मधून उरलेल्या भागावर धाकट्याचा हिस्सा:

```
60 + 30 × (90 − 60) / 90 = 70
```

प्रमाणपत्रावर 70 येतं, कार्डावरही तेच. 40 ते 80 च्या आतलं असल्याने पट्टी पिवळी. 80 आणि वर निळी, 40 च्या खाली पांढरी. हा नुसता रंगाचा फरक नाही. संजय गांधी निराधार योजनेला 40 टक्के पुरतात, पण इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला 80 लागतात आणि घर दारिद्र्यरेषेखाली असावं लागतं. म्हणजे 90 च्या भरवशावर त्या पेन्शनची वाट बघणं फुकट.

छापील कार्ड पोस्टाने यायला वेळ लागतो. तोवर अडून बसू नका: मंजुरी झाली की प्रमाणपत्र आणि ई-कार्ड दोन्ही पोर्टलवरून उतरवून घेता येतात. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागून घ्या, अपिलाला तोच कागद लागतो.