विरघळलेला ऑक्सिजन : विंकलर पद्धत

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आयोडीनच्या अनुमापनाने मोजण्याची पद्धत. हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी ती १८८८ मध्ये मांडली.

या चाचणीतली मोठी चूक बहुधा प्रयोगशाळेत नव्हे, तर नदीकाठी बाटली भरतानाच होते. २५° सेल्सिअसला एक मिलिलिटर हवेत सुमारे ०.२७ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ३०० मिलिलिटरच्या बीओडी बाटलीत एवढा एक बुडबुडा अडकला आणि त्यातला सगळा ऑक्सिजन रसायनांनी धरला, तर उत्तर लिटरला ०.९ मिलिग्रॅमने फुगते. सांडपाणी मिसळलेल्या, खरे मूल्य २ असलेल्या पाण्याचा अहवाल मग २.९ येतो. उलट, शेवाळामुळे ऑक्सिजन प्रमाणाबाहेर वाढलेले पाणी खळबळले की तो उडून जातो आणि आकडा खाली येतो. म्हणून बादलीतून बाटलीत पाणी ओतणे दोन्हीकडून घातक.

बाटली भरताना रबरी नळीचे टोक तळाला टेकवतात, पाणी संथ सोडतात आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वरून वाहून जाऊ देतात. नळी पाणी चालू असतानाच हळूहळू वर काढतात. काचेचे निमुळते बूच बसवले की जास्तीचे पाणी बाहेर पडते. बाटली उलटी करून बुडबुडा दिसला तर नमुना टाकून पुन्हा भरावा. दुसरा उपाय नाही.

यानंतर काठावरच मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड यांचे प्रत्येकी एक मिलिलिटर द्रावण, पिपेटचे टोक पाण्याच्या पातळीखाली धरून सोडतात. बूच लावून बाटली अनेकदा उलटसुलट करतात. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका येतो. तो पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. साका अर्ध्यावर बसला की पुन्हा हलवतात. त्यानंतर संहत सल्फ्युरिक आम्ल घातले की साका विरघळतो आणि ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होऊन पाणी पिवळे-तपकिरी होते. आता हवेतला ऑक्सिजन मँगनीजला लागत नाही. तरी आयोडीन उडून जाते, म्हणून अनुमापन लांबवू नये.

दोन मिलिलिटर रसायनांनी तेवढेच पाणी बाहेर ढकललेले असते. त्याची भरपाई म्हणून २०० ऐवजी २०१ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट ब्युरेटमधून सोडतात. रंग फिका पिवळा झाल्यावरच स्टार्च घालतात. निळा रंग पहिल्यांदा गेला तो अंत्यबिंदू. या मापात एक मिलिलिटर थायोसल्फेट म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. ६.४ मिलिलिटर लागले, तर उत्तर ६.४. समुद्रसपाटीला २५° सेल्सिअसचे संपृक्त गोडे पाणी सुमारे ८.३ मिलिग्रॅम धरते, म्हणजे हा नमुना ७७ टक्के भरलेला.

निळा रंग लगेच परतू लागला तर नायट्राइटचा संशय घ्यावा. अझाइड त्याच्यासाठीच घालतात. जुन्या, निकामी द्रावणाने ही खूण हमखास दिसते. फेरस लोह जास्त असलेल्या पाण्यात मात्र अझाइड पुरत नाही. असे लोह ऑक्सिजन खाऊन आकडा कमी दाखवते, आणि तिथे पोटॅशियम परमँगनेटची सुधारित रीत वापरावी लागते.