‘काही शोधून देऊ का?’ – ‘नाही, थँक्यू’

बडोद्यातल्या एका वाचनालयात मी मदतीच्या टेबलावर बसते. येणाऱ्याला आपणहून विचारायचं, अशी आमची पद्धत. पुष्कळजण नुसतं ‘थँक्यू’ म्हणून पुढे जातात, विचारत काहीच नाहीत. अशा माणसाला कसं सोडावं, हे कुणी शिकवत नाही, आणि त्याला कारण आहे.

पुस्तकं कुलपात होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. मागितल्याशिवाय पुस्तक हाती येत नसे, त्यामुळे आलेला माणूस काहीतरी विचारायचाच. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेतून बोलावलं आणि बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात वाचकाला स्वतः कपाटापर्यंत जाता येऊ लागलं. तेव्हापासून काही न विचारता फिरणारा वाचकही आला.

टेबलावरच्या मदतीचा विचार मात्र त्याआधीचा. १८७६ मध्ये सॅम्युएल ग्रीन या अमेरिकी ग्रंथपालाने लिहिलं की, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतलं तर दुकानदाराला जसं रुचत नाही, तसं प्रश्नाचं उत्तर न मिळता वाचक परतला तर ग्रंथपालाला रुचू नये. ग्रीन बोलत होते ते प्रश्न घेऊन आलेल्याबद्दल. पण त्या आस्थेचं ओझं ज्याला प्रश्नच नाही त्याच्यावरही पडतं. मग ‘नक्की ना?’, ‘कोणता विषय?’ सुरू होतं आणि त्या बिचाऱ्याला दोनदा नकार द्यावा लागतो.

असं बोलणं नेमकं संपतं कसं, हे उलगडलं १९७३ मध्ये, शेग्लॉफ आणि सॅक्स या समाजशास्त्रज्ञांच्या लेखात. बोलणं आपोआप संपत नाही, दोघं मिळून ते संपवतात, असं त्यांनी फोनवरच्या संभाषणांवरून दाखवलं. निरोपाआधी ‘ओके’सारखा एक रिकामा शब्द येतो. ‘मला आणखी काही सांगायचं नाही, तुम्हाला असेल तर सांगा’, एवढं त्यात असतं. आपलं ‘बरं’ नेमकं तेच करतं.

मागच्या पावसाळ्यात एक आजोबा आले, छत्री कोपऱ्यात ठेवली. मी विचारलं, ‘काका, काही शोधून देऊ?’ ते म्हणाले, ‘नाही, थँक्यू हं.’ मी म्हटलं, ‘बरं. मी सहापर्यंत इथंच आहे,’ आणि नोंदवहीत मान घातली. मान खाली घालणं महत्त्वाचं, कारण बघत राहिलं की वाक्य संपूनही प्रश्न उभाच राहतो. पण ‘बरं’ आणि पुढचं वाक्य यांत मी श्वासभर थांबते. ‘थँक्यू’ म्हणूनही पाय हलत नसतील, तर बोलायचं असेल ते त्या फटीत येतं. आजोबा थांबले नाहीत, थेट मराठी कपाटाकडे गेले.

तासाभराने ते निघाले. छत्री उचलून म्हणाले, ‘येतो.’ मी म्हटलं, ‘या.’ गुजराती वाचकाला मी ‘आवजो’ म्हणते. दोन्हींत पुन्हा येणं आहे, ‘काही मिळालं का?’ ही चौकशी नाही.