संक्रांत पुढे का सरकते?

भाची आठवीत आहे. शाळेसाठी तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी संक्रांतीवर पाच मिनिटांचा व्हिडिओ केला आणि शाळेत देण्याआधी मला दाखवायला आणला. सुरुवात आजीच्या हातांपासून होती. परातीत पाक ओतलाय, तीळ आणि दाण्याचं कूट मिसळलंय, आणि आजी हाताला तूप लावून गरम मिश्रणाचे भराभर लाडू वळतेय, कारण गार झालं की ते वळत नाही. मग हळदीकुंकू, काळी चंद्रकळा, "तिळगूळ घ्या, गोड बोला", आणि शेवटी गच्चीवरचे पतंग. पतंगांवर निवेदन होतं: "आजपासून सूर्य उत्तरेकडे वळतो आणि दिवस तिळातिळाने मोठा होऊ लागतो."

मी तिथे व्हिडिओ थांबवला. बाकी सगळं सुंदर होतं, पण हे वाक्य खरं नव्हतं. गंमत अशी की ते खरं नसल्याचा पुरावा मुलींनीच चित्रित करून ठेवला होता.

पतंगांची दृश्यं त्यांनी दोनदा घेतली होती. एकदा नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, 22 डिसेंबरला, सराव म्हणून. आणि दुसऱ्यांदा 14 जानेवारीला. दोन्ही वेळा पुण्यातल्या त्याच गच्चीवरून, त्याच कठड्यावर मोबाईल टेकवून. दोन्ही दृश्यांत समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते आणि मागे सूर्य मावळतो. डिसेंबरच्या दृश्यात सूर्य टाकीच्या डावीकडे आहे, जानेवारीच्या दृश्यात टाकीच्या मागे. पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की उत्तर उजव्या हाताला येते. म्हणजे संक्रांतीच्या संध्याकाळपर्यंत सूर्य उत्तरेकडे सरकून झाला होता.

किती सरकला? पुण्याच्या अक्षांशावर या दोन तारखांमध्ये मावळतीची जागा सुमारे सव्वादोन अंशांनी बदलते. सूर्याचं बिंब साधारण अर्ध्या अंशाचं, म्हणजे चार बिंबं शेजारी शेजारी ठेवावीत एवढं हे अंतर. हात लांब करून करंगळी धरली तर ती साधारण एक अंश झाकते, तेव्हा दोन करंगळ्यांहून थोडं जास्त. दोनशे मीटरवरच्या इमारतीवर हेच अंतर साडेसात-आठ मीटर भरतं, टाकी झाकायला पुरेसं.

वळण खरं तर डिसेंबरच्या 21-22 तारखेला येतं. त्या दिवशी सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो आणि दिवस सर्वांत लहान असतो. पुण्यात सुमारे अकरा तास एक मिनिट. 14 जानेवारीला दिवस साडेसहा मिनिटांनी वाढलेला असतो. तिळातिळाने वाढतो हे अगदी बरोबर, फक्त तोवर बरेच तीळ जमा झालेले असतात.

आमच्या घरी यावर लगेच हरकत आली. "पण सकाळी तर अजून अंधारच असतो!" हरकत रास्त आहे. 22 डिसेंबरला पुण्यात सूर्य सात वाजून दोन-तीन मिनिटांनी उगवतो आणि संक्रांतीला सात वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे आणखी उशिरा. वाढलेला वेळ सगळा संध्याकाळच्या बाजूला पडतो: सूर्यास्त सहा-चारवरून सहा-सतरावर जातो. पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल आणि अक्ष कललेला असल्यामुळे घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार यांचा मेळ वर्षभर सारखा राहत नाही. या तीन आठवड्यांत खरी मध्यान्ह दहाएक मिनिटांनी पुढे जाते आणि उगवती-मावळती दोन्हींना सोबत ओढते. पतंग उडवणाऱ्यांना तेरा-चौदा मिनिटं जास्त मिळतात, आणि पहाटे उठून शाळेला जाणाऱ्यांच्या वाट्याला काहीच येत नाही.

मग 14 जानेवारीला नक्की काय होतं? सूर्य मकर राशीत प्रवेश करतो. संक्रांत या शब्दाचा अर्थच तो. यात वळण्याचा काही संबंध नाही. पार्श्वभूमीला असलेल्या ताऱ्यांच्या संदर्भात सूर्य कुठे दिसतो, एवढंच यात मोजलेलं आहे. आणि वर्ष मोजण्याच्या या दोन पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत. सूर्य एका दक्षिण टोकापासून पुन्हा त्याच टोकाला यायला 365 दिवस 5 तास 49 मिनिटं लागतात. एका ताऱ्यापाशी दिसलेला सूर्य पुन्हा त्याच ताऱ्यापाशी दिसायला 365 दिवस 6 तास 9 मिनिटं लागतात. फरक वीस मिनिटांचा.

हा फरक पृथ्वीच्या डोलण्यामुळे पडतो. जोरात फिरणारा भोवरा कललेला असेल तर त्याचा अक्षही सावकाश गोल फिरतो. पृथ्वीचंही तसंच आहे. मधल्या फुगीर भागावर सूर्य-चंद्राची ओढ असते, त्यामुळे तिचा अक्ष सुमारे 26 हजार वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. अक्षाची दिशा बदलली की ऋतूंचे बिंदू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दरवर्षी किंचित मागे सरकतात. वीस मिनिटं गुणिले बहात्तर वर्षं म्हणजे 1440 मिनिटं, म्हणजे बरोबर एक दिवस. आपल्या भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना धरून चालतं, त्यामुळे वळणाचा दिवस डिसेंबरच्या 21-22 तारखेलाच राहतो आणि ताऱ्यांना धरून चालणारी संक्रांत साधारण बहात्तर वर्षांत एका दिवसाने पुढे जाते.

"यंदा 14 की 15?" हा दरवर्षीचा घरातला वाद मात्र या सरकण्यामुळे होत नाही. तो त्या सहा तास नऊ मिनिटांचा खेळ आहे. 2024 मध्ये सूर्य मकरेत गेला तो 15 जानेवारीच्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास. पुढच्या वर्षी वेळ सहा तासांनी पुढे जायची, पण मधल्या लीप वर्षाच्या जादा दिवसाने तारीख एक दिवस मागे आली. म्हणून 2025 मध्ये 14 तारखेच्या सकाळी नऊच्या सुमारास. 2026 मध्ये 14 लाच, दुपारी तीनच्या सुमारास. 2027 मध्ये 14 च्या रात्री सव्वानऊच्या सुमारास, आणि सूर्यास्तानंतर संक्रमण झालं तर पर्वकाळ दुसऱ्या दिवशी धरतात, म्हणून सण 15 ला. चार वर्षांचं चक्र पुरं झालं की वेळ साधारण सदतीस मिनिटं पुढे गेलेली असते.

भाचीला हे पटेना. संक्रांत सरकते याचा जुना दाखला हवा, म्हणाली. म्हणून आम्ही कॅल्क्युलेटर घेतला.

स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, आणि तो मकरसंक्रांतीचा दिवस होता असं त्यांच्या चरित्रांतून सांगितलं जातं. तपासून पाहू. 1863 पासून 2026 पर्यंत 163 वर्षं. ताऱ्यांच्या वर्षाचे दिवस 365.25636, 163 ने गुणले की 59,536.8 दिवस येतात. 14 जानेवारी 2026 च्या दुपारी तीनपासून इतके दिवस मागे मोजले (वाटेत 1900 हे लीप वर्ष नव्हतं, हे विसरायचं नाही), की आपण पोहोचतो 12 जानेवारी 1863 च्या रात्री आठच्या सुमारास. सूर्य मकरेत गेला तो बरोबर तोच दिवस. आकडा पडद्यावर आला तेव्हा ती खुर्चीतून उठलीच.

मग तिनेच विचारलं, "पानिपत?" मराठी घरात हा प्रश्न यायचाच. पानिपतची तिसरी लढाई 14 जानेवारी 1761 ची, आणि ती ऐन संक्रांतीच्या दिवशी झाली, "संक्रांत कोसळली" ती तेव्हाच, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तोच हिशोब पुन्हा केला. 265 वर्षं, 96,792.9 दिवस. उत्तर आलं 10 जानेवारी 1761. जुन्या पंचांगांच्या गणिताने त्यात एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, पण चार दिवसांचा नाही. पानिपतावर लढाई झाली तो बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. संक्रांत तेव्हा होऊन गेली होती. आजची तारीख आपण नकळत तेव्हाच्या सणाला चिकटवली. मला हे कळलं तेव्हा थोडं चुटपुटल्यासारखं झालं, कारण त्या दु:खाशी हा सण मनात घट्ट बांधला गेलेला आहे.

असंच आणखी मागे गेलं तर संक्रांत डिसेंबरच्या दिशेने सरकत राहते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायण आणि मकरसंक्रांत एकाच सुमारास येत. आपल्या निवेदनातलं वाक्य तेव्हा खरं होतं. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत लिहून ठेवलं आहे की पूर्वीच्या शास्त्रांत उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी सांगितलंय, तेव्हा ते तसं असलंच पाहिजे, पण आता ते मकरेच्या आरंभी होतं. जुनं वचन त्याने खोटं ठरवलं नाही आणि आंधळेपणाने उचललंही नाही. पडताळा कसा घ्यायचा तेही सांगितलं: उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचा दूरच्या एखाद्या खुणेशी वेध घ्या, किंवा मोठ्या वर्तुळात सावली कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते ते पाहा. पाण्याच्या टाकीशी सूर्याचा वेध घेणाऱ्या मुली नकळत तेच करत होत्या. आज मात्र वळणाच्या दिवशी सूर्य मकरेत नसतो. तो धनू राशीत, मूळ नक्षत्रात असतो.

यात आणखी एक अडचण आहे, आणि ती महाराष्ट्राला जवळची आहे. राशिचक्राची सुरुवात आकाशात कुठून धरायची? चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरून, की रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापासून? दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक आहे. टिळक पंचांग रेवतीची बाजू धरतं, म्हणून ते पाळणाऱ्या घरांत संक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास येते. ताऱ्यांवर रेघ आखलेली नाही, ती माणसांनी ठरवायची आहे. दोन्ही घरचा तिळगूळ तितकाच बरोबर.

संक्रांत पुढे जातच राहणार. 2100 हे लीप वर्ष नसेल, त्यामुळे तारीख एकदम एका दिवसाने उडी मारेल, आणि 2103 साली सूर्य मकरेत जाईल तो 16 जानेवारीच्या सकाळी.

मुलींनी व्हिडिओ पुन्हा जोडला. लाडू, हळदीकुंकू, चंद्रकळा जशीच्या तशी. पतंगांच्या जागी आता पडद्याच्या डाव्या अर्ध्यात 22 डिसेंबरची मावळती आणि उजव्या अर्ध्यात 14 जानेवारीची, मधे तीच टाकी. निवेदन भाचीने स्वत: लिहिलंय: "आज सूर्य मकर राशीत जातो. उत्तरेकडे तो तीन आठवड्यांपूर्वीच निघाला. टाकी बघा."